प्रकल्प नोंदी: F2 दाबलं की वाय-फाय जातं

३ जून २०२५

विषय असा. हिशेबाच्या टीमला नवे लॅपटॉप दिल्यापासून "नेट जातं" अशा तक्रारी वाढल्या आहेत. त्याच खोलीत बसणाऱ्या इतर लोकांना, म्हणजे ज्यांच्याकडे अजून जुने लॅपटॉप आहेत त्यांना, काहीच त्रास नाही. आतापर्यंत प्रत्येक तक्रार सुटी सुटी हाताळली गेली. कुणाचा ड्रायव्हर बदलला, कुणाला राउटरजवळ बसवलं, कुणाला रीस्टार्ट करायला सांगितलं. आजपासून हे सगळं एकच प्रकरण मानून नोंद ठेवतो आहे.

लोकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. "चालू असतं, मग अचानक जातं." "कधी आपोआप परत येतं, कधी येतच नाही." "शीटमध्ये काम करताना जास्त होतं." तिसरं वाक्य वेगवेगळ्या लोकांनी आपणहून सांगितलं, म्हणून ते अधोरेखित करून ठेवलं आहे. शीटमध्ये काम करताना नेटवर ताण फारसा पडत नाही. व्हिडिओ मीटिंगमध्ये जास्त होतं असं सांगितलं असतं तर सिग्नलचा किंवा गर्दीचा संशय घेता आला असता. इथे उलट आहे. नेटला सगळ्यात कमी काम असताना ते जातंय.

संध्याकाळी ॲक्सेस पॉइंटचा लॉग उघडला. या लॅपटॉपचं कनेक्शन तुटतं तिथे बहुतेक वेळा कारण-क्रमांक ३ दिसतो. वाय-फायच्या मानकात ३ चा अर्थ असा की उपकरण स्वतःच "मी निघतोय" असं सांगून गेलं. सिग्नल क्षीण झाला किंवा उपकरण गप्प पडलं, तर ॲक्सेस पॉइंट काही वेळ वाट पाहतो आणि मग स्वतःहून त्याचं नाव काढतो. तेव्हा क्रमांक ४ येतो, निष्क्रियतेचा. इथे तसं नाही. लॅपटॉप व्यवस्थित निरोप घेऊन जातोय, म्हणजे कुणीतरी त्याला आतून "वाय-फाय बंद कर" असं सांगतंय. राउटर, चॅनेल, अँटेना हे सगळे संशयित आजच यादीतून काढले.

४ जून

एक मशीन बिघडलेल्या अवस्थेतच हाती लागलं. "रीस्टार्ट करू नका, काहीही दाबू नका, मी येतो," असं फोनवरच सांगितलं होतं आणि मॅडमनी खरोखरच हात लावला नाही. याचा फार उपयोग झाला.

आधी डिव्हाइस मॅनेजर पाहिला. वाय-फायचं कार्ड यादीत होतं, त्यावर खाली वळलेला बाण नव्हता, पिवळं चिन्ह नव्हतं, आणि गुणधर्मात "डिव्हाइस व्यवस्थित चालू आहे" असंच लिहिलं होतं. इथेच बरेच जण फसतात. कार्ड ठीक आहे असं दिसलं की माणूस पुढे ड्रायव्हर, आयपी पत्ता, डीएनएस अशा खोलात जातो. `ipconfig` विचारलं तर तेही फक्त `Media disconnected` म्हणतं. केबल नसली, सिग्नल नसला, रेडिओ बंद असला, तिन्ही वेळा उत्तर तेच, त्यामुळे त्यातून निदान होत नाही.

निदान करणारी आज्ञा ही:

```
netsh wlan show interfaces
```

या मशीनवर आलेल्या उत्तरातल्या कामाच्या ओळी:

```
State                  : disconnected
Radio status           : Hardware On
                         Software Off
```

`Radio status` या ओळीपाशी सगळं स्पष्ट झालं. वाय-फाय तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर बंद होऊ शकतं आणि तिन्हींची खूण वेगळी असते. पहिली पातळी म्हणजे अडॅप्टरच डिसेबल केलेला असणं. तेव्हा ही आज्ञा `There is no wireless interface on the system.` असं सांगते आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये खाली वळलेला बाण दिसतो. दुसरी पातळी सॉफ्टवेअरची. कार्ड जिवंत असतं, ड्रायव्हर चालू असतो, पण विंडोजने रेडिओला गप्प बसायला सांगितलेलं असतं. एअरप्लेन मोड इथेच काम करतो आणि तेव्हा `Software Off` दिसतं. तिसरी पातळी म्हणजे हार्डवेअर. कार्डाच्या एका पिनवरूनच रेडिओ दाबून ठेवलेला असतो आणि `Hardware Off` येतं. जुन्या लॅपटॉपच्या कडेला सरकवायची छोटी कळ असायची, ती याच पातळीवर काम करायची.

आपल्याकडे दुसरी पातळी आहे. खाली टास्कबारवर पाहिलं तर विमानाचं छोटं चिन्ह होतंच. मॅडम म्हणाल्या, "हे मी कधीच लावलेलं नाही." त्यांच्यावर विश्वास न ठेवण्याचं काहीच कारण नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांनी ते लावलेलं नाही हे नक्की. मग लावलं कुणी, हा उद्याचा प्रश्न.

५ जून

आज दुपारभर त्याच मॅडमच्या शेजारी बसून होतो. बोललो कमी, पाहिलं जास्त.

त्या एका शीटमध्ये आकडे दुरुस्त करतात. सेलवर जायचं, F2 दाबायचं, आधीचा आकडा न पुसता त्यातला एखादा अंक बदलायचा, एंटर. वर्षानुवर्षांची सवय आहे, बोटं आपोआप तिकडे जातात. जुन्या लॅपटॉपवर F2 म्हणजे F2 होतं, आणि त्याच बटणावर छापलेलं विमान चालवायचं तर Fn धरून दाबावं लागायचं. नव्या लॅपटॉपवर कारखान्यातूनच उलटी मांडणी आली आहे. नुसतं F2 दाबलं की विमान, आणि खरं F2 हवं असेल तर Fn धरायचं.

आता पुढे काय होतं ते सावकाश लिहितो, कारण सगळी गुंतागुंत इथेच आहे. मॅडमनी F2 दाबलं. विमान मोड लागला, वाय-फाय गेलं. पण ते F2 शीटपर्यंत पोचलंच नाही, त्यामुळे सेलमध्ये कर्सर आला नाही. त्यांना वाटलं बटण नीट दाबलं गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं. विमान मोड निघाला आणि वाय-फाय परत जोडायला लागलं. कर्सर तरीही आला नाही. मग त्यांनी माऊसने डबल-क्लिक करून सेल उघडला आणि काम पुढे नेलं. या वेळी दोनदा दाबलं गेलं म्हणून शेवटी वाय-फाय चालू राहिलं, फक्त मध्ये काही सेकंद तुटलं. पुढच्या सेलवर त्यांनी एकदाच दाबलं आणि लगेच डबल-क्लिक केलं. या वेळी वाय-फाय बंदच राहिलं.

जिन्यातल्या दिव्याच्या बटणासारखं आहे हे. सम वेळा दाबलं तर जिथल्या तिथे, विषम वेळा दाबलं तर उलट. "कधी आपोआप परत येतं, कधी येतच नाही" या तक्रारीचं पूर्ण उत्तर यात आहे. बिघाड अनियमित नव्हताच. दाबण्याची संख्या सम की विषम एवढाच फरक होता, आणि ती संख्या कुणीच मोजत नाही.

पडद्यावर क्षणभर "एअरप्लेन मोड चालू" अशी पट्टी येते. मी तिची वाट पाहत होतो म्हणून मला दिसली. मॅडमची नजर सेलवर होती, आणि सेल होता दुसऱ्या कोपऱ्यात. शिवाय शीट मशीनवरच उघडी असते, त्यामुळे टाइप करणं, बेरीज, फिल्टर, सगळं विनाअडथळा चालू राहतं. नेट गेल्याचं पहिल्यांदा कळतं ते सामायिक फोल्डरमध्ये सेव्ह करताना किंवा मेल पाठवताना. तोपर्यंत F2 दाबून बराच वेळ झालेला असतो. कारण आणि परिणाम यांच्यात इतकं अंतर पडल्यावर कुणालाही दोन्हींचा संबंध लागणार नाही, आणि तो लागला नाही म्हणून लोकांना दोष देता येणार नाही.

आणखी एक गोष्ट इथे आड आली. एअरप्लेन मोड ब्लूटूथही बंद करतो. या टीमकडे ब्लूटूथ माऊस असते तर F2 दाबताच माऊस थांबला असता आणि पहिल्याच दिवशी संशय आला असता. पण सगळ्यांचे माऊस यूएसबी रिसीव्हरवाले आहेत, त्यांना एअरप्लेन मोडचा काही फरक पडत नाही. पुढे कुणी फोन केला तर हा प्रश्न विचारायचा असं ठरवलं: ब्लूटूथवरचा हेडफोन किंवा माऊसही त्याच वेळी गेला का? हो म्हणाले तर एअरप्लेन मोडचा संशय घट्ट होतो.

६ जून

आज टीममधल्या इतरांच्या मशिनवर हेच करून पाहिलं. बहुतेकांवर F2 दाबताच विमान लागलं आणि वाय-फाय गेलं. पण एका मशिनवर विमानाचं चिन्ह आलं आणि वाय-फाय मात्र तसंच जोडलेलं राहिलं. थोडा वेळ गोंधळ झाला, मग कारण सापडलं. विंडोज ११ मध्ये एअरप्लेन मोड चालू असताना वाय-फाय वेगळं चालू केलं, तर विंडोज ती निवड लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी एअरप्लेन मोड लागला तरी वाय-फाय बंद करत नाही. या मशिनच्या मालकिणीने कधीतरी नेट नसताना कोपऱ्यातल्या पट्टीतून वाय-फायवर क्लिक केलं होतं. तेव्हापासून त्यांची तक्रार बंद झाली होती आणि त्यांना वाटत होतं की मशीन "आपोआप सुधारलं".

तोच लॅपटॉप, तीच प्रणाली, तेच बटण, आणि एका मशिनवर दोष दिसतो तर दुसऱ्यावर नाही. असं दिसलं की माणूस लगेच कार्ड खराब आहे असं म्हणतो. फरक फक्त लक्षात ठेवलेल्या निवडीचा होता.

दुपारी एकाने सांगितलं की त्यांनी आधीच सेटिंग्जमधून नेटवर्क रीसेट करून पाहिलं होतं. हे करू नका असं सगळ्यांना कळवलं. नेटवर्क रीसेट अडॅप्टर काढून पुन्हा बसवतं, जतन केलेली वाय-फायची नावं आणि पासवर्ड पुसून टाकतं, आणि व्हीपीएनची मांडणी पुन्हा करायला लावू शकतं. एका बटणाने बंद झालेल्या रेडिओसाठी एवढं सगळं उपटायची गरज नाही. रीस्टार्टचाही उपयोग नाही. एअरप्लेन मोड चालू ठेवून मशीन रीस्टार्ट केलं, तर ते पुन्हा एअरप्लेन मोडमध्येच उठतं.

९ जून

याच खेपेतले काही लॅपटॉप तपासणीच्या टीमकडे लिनक्सवर चालतात. त्यांच्याकडूनही एक तक्रार होती, पण तिचं रूप वेगळं म्हणून आधी ती बाजूला ठेवली होती. आज ती घेतली.

लिनक्समध्ये रेडिओची अवस्था सांगणारी आज्ञा `rfkill list`. तिच्या उत्तरात वाय-फाय कार्डाची ओळ अशी होती:

```
1: phy0: Wireless LAN
	Soft blocked: yes
	Hard blocked: yes
```

`Soft blocked` म्हणजे सॉफ्टवेअरने थांबवलं आहे, आज्ञा देऊन सोडवता येतं. `Hard blocked` म्हणजे हार्डवेअरने अडवलं आहे, आज्ञेने थेट सुटत नाही. तिथल्या मुलाने `rfkill unblock 1` दिलं होतं. पहिली ओळ `no` झाली, दुसरी `yes` वरच राहिली. त्याने लॅपटॉपची कड न् कड तपासली, सरकवायची कळ कुठेच नाही. "कळच नाही तर हार्डवेअरने अडवलं कसं?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

उत्तर यादीतल्या आणखी वरच्या ओळीत होतं. `rfkill list` दोन वायरलेस लॅन दाखवत होतं. एक `phy0`, म्हणजे प्रत्यक्ष कार्ड. दुसरी ओळ लॅपटॉपच्या स्वतःच्या प्लॅटफॉर्म ड्रायव्हरची. हा ड्रायव्हर मदरबोर्डवरच्या एम्बेडेड कंट्रोलरशी बोलतो. हा छोटा कंट्रोलर कीबोर्ड, पंखा, बॅटरी अशी कामं पाहतो. प्लॅटफॉर्मच्या ओळीतलं सॉफ्ट ब्लॉक लागलं की कंट्रोलर कार्डाच्या खाचेतली रेडिओ बंद करणारी पिन खाली ओढतो. आजच्या एम.२ खाचेत वाय-फायसाठी ही ५६ क्रमांकाची पिन, नाव `W_DISABLE1#`, आणि ब्लूटूथसाठी शेजारची ५४ क्रमांकाची `W_DISABLE2#`. नावाच्या शेवटच्या `#` चा अर्थ असा की पिनवरचा विद्युतदाब खाली गेला की बंदीचा हुकूम लागू होतो. कार्डाच्या बाजूने पाहिलं तर कुणीतरी तार ओढून रेडिओ बंद केला आहे, म्हणून ते प्रामाणिकपणे `Hard blocked: yes` सांगतं. ती तार बोटाने ओढली की दुसऱ्या ड्रायव्हरच्या सांगण्यावरून ओढली गेली, हे कार्डाला कळायला मार्ग नाही.

म्हणून उपाय दुसऱ्या टोकाकडून करावा लागतो. आधी प्लॅटफॉर्मची ओळ मोकळी करायची. तिचा क्रमांक ० होता:

```
rfkill unblock 0
rfkill list
```

दुसऱ्या आज्ञेत `phy0` ची `Hard blocked` ओळ आपोआप `no` झालेली दिसली. मग कार्डाची ओळ मोकळी केली आणि काही सेकंदांत वाय-फाय जोडलं गेलं. `rfkill unblock all` एका दमात दोन्ही करतं, पण पहिल्यांदा एकेक करून पाहावं, म्हणजे कुणामुळे काय अडलं होतं हे डोळ्यांनी दिसतं. प्लॅटफॉर्मची ओळ मोकळी करूनही `Hard blocked` तसंच राहिलं, तर मग खरोखरची कळ, बायोसमधलं वायरलेसचं सेटिंग, किंवा त्या मॉडेलसाठी चुकीचं वाचन करणारा ड्रायव्हर या दिशेने जावं.

रीस्टार्टने हेही सुटत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. कोणत्याही रेडिओची सॉफ्ट ब्लॉकची अवस्था बदलली की `systemd` ती `/var/lib/systemd/rfkill` मध्ये लिहून ठेवतं आणि मशीन सुरू होताना ती पुन्हा लावतं. चांगल्या हेतूने केलेली सोय आहे. विमानात बंद केलेला रेडिओ उतरण्याआधी मशीन पुन्हा सुरू केल्यावर आपोआप चालू होऊ नये, हे योग्यच आहे. पण न कळत लागलेली बंदीही तितक्याच निष्ठेने जपली जाते.

१० जून

लिनक्सवर बटणाचा पुरावा हवा होता, नुसता तर्क नको. दोन टर्मिनल उघडले. एकात `sudo evtest` चालवून लॅपटॉपच्या हॉटकीचं उपकरण निवडलं, दुसऱ्यात `rfkill event` चालू ठेवलं. F2 दाबलं. पहिल्या खिडकीत कोड २४७, म्हणजे `KEY_RFKILL`, आला आणि त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीत अशी ओळ आली:

```
idx 1 type 1 op 2 soft 1 hard 0
```

`type 1` म्हणजे वाय-फाय, `op 2` म्हणजे अवस्था बदलली, `soft 1` म्हणजे सॉफ्ट ब्लॉक लागला. थोड्याच वेळात त्याच ओळीत `hard 1` आलं, तार ओढली गेल्याचं. ब्लूटूथची `type 2` ची ओळही पाठोपाठ होती. बटण आणि परिणाम दोन्ही एकाच वेळी समोर दिसले, आता वादाला जागा नाही.

हीच जोडी उलट्या निदानासाठीही ठेवावी. `rfkill event` मध्ये ओळ आली पण `evtest` मध्ये बटण दिसलंच नाही, तर रेडिओ बोटाने बंद झालेला नाही. एखादा प्रोग्रॅम, बॅटरी वाचवणारं एखादं साधन किंवा बायोसचा एखादा नियम तो बंद करतोय. उदाहरणार्थ काही मशिनच्या बायोसमध्ये केबल लावली की वाय-फाय बंद करायची सोय असते. बाहेरून तेही अगदी असंच दिसतं.

११ जून

उपायावर बैठक झाली. तीन पर्याय समोर होते.

पहिला, लोकांना सांगायचं की Fn धरून F2 दाबा. हा मला मान्य नव्हता आणि तसं मी स्पष्ट बोललो. दिवसभरात शेकडो वेळा होणारी बोटांची हालचाल सूचनेने बदलत नाही, आणि बदलण्याचा भार काम करणाऱ्या माणसावर टाकणंही बरोबर नाही.

दुसरा, विमानाचं बटण पूर्णच निकामी करायचं. करता येतं, पण प्रवास करणाऱ्यांना ते लागतं, आणि उद्या कुणी दुसऱ्या वाटेने एअरप्लेन मोड लावला तर काढायला सोपं बटण उरत नाही.

तिसरा, बायोसमध्ये फंक्शन-कीची मांडणी उलटवायची. सगळ्यांनी हाच निवडला. वेगवेगळ्या कंपन्या याला वेगवेगळी नावं देतात: `Action Keys Mode`, `Hotkey Mode`, `Function Key Behavior`. अर्थ एकच, नुसतं बटण दाबलं तर F2 हवं की त्यावर छापलेलं चित्र. आपल्याला F2 हवं. मग विमानासाठी Fn धरावं लागेल, म्हणजे चुकून लागणं जवळपास संपेल.

याची किंमत आहे, ती आधीच सांगून ठेवली. आवाज आणि प्रकाश कमी-जास्त करायलाही आता Fn धरावं लागेल. शीटमध्ये काम करणाऱ्यांना याचा त्रास नाही, पण ज्यांचा दिवस मीटिंगमध्ये जातो त्यांना होईल. म्हणून हा बदल सरसकट न करता फक्त हिशेबाच्या आणि तपासणीच्या टीमसाठी करतो आहोत.

१२ जून

बदल लावायला सुरुवात केली. एक नवीन गोष्ट समोर आली आणि ती न लिहिता पुढे जाणं धोक्याचं आहे. या लॅपटॉपवर Fn आणि Esc एकत्र दाबलं की Fn कुलूप लागतं किंवा निघतं, आणि त्याने बायोसमधली मांडणी तात्पुरती उलटी होते. Esc बटणावर छोटं कुलूप छापलेलं आहे आणि एक बारीक दिवा लागतो, बाकी काही सूचना नाही. म्हणजे बायोस बरोबर असूनही F2 पुन्हा विमान होऊ शकतं. तक्रार आली तर बायोसच्या आधी तो दिवा पाहायचा.

आणि सगळ्या मॉडेलवर विमान F2 वर नसतं. काहींवर F3, F7, F8 किंवा F12 वर असतं. F12 वर असलेलं मॉडेल आलं तर आणखी जपावं लागेल, कारण वर्डमध्ये F12 म्हणजे "वेगळ्या नावाने सेव्ह करा". दस्तऐवज जपून ठेवण्याच्या क्षणीच नेट जाईल. म्हणून पुढच्या खरेदीच्या यादीत एक ओळ घातली: विमान कोणत्या बटणावर आहे आणि ते नुसतं दाबून लागतं का, हे नमुना मशिनवर आधी पाहायचं.

१६ जून

मदतकक्षासाठी फोनवर विचारायचा क्रम लिहून दिला. इथे एक अडचण मुळातच आहे. वाय-फाय बंद असल्यावर आपण दूरून त्या मशिनमध्ये शिरू शकत नाही, म्हणून सगळं निदान समोरच्याच्या डोळ्यांनी करावं लागतं. प्रश्न सोपे असले पाहिजेत.

पहिला प्रश्न, घड्याळाशेजारी विमान दिसतं की पृथ्वीचा गोल? विमान असेल तर एअरप्लेन मोड, तिथेच क्लिक करून काढायला सांगायचं. विंडोज ११ मध्ये गोल दिसला तर रेडिओ चालू असून नेटवर्क मिळत नसेल, किंवा फक्त वाय-फाय वेगळं बंद केलेलं असेल. तेव्हा पट्टी उघडून वाय-फायचं बटण निळं आहे का ते विचारायचं. ते बटणच नसेल तर मात्र पहिल्या पातळीची, अडॅप्टर गायब असण्याची शक्यता. मग फोनवर वेळ न घालवता मशीन आणायला सांगायचं. शेवटचा प्रश्न, नेट जाण्याआधी वरच्या ओळीतलं कोणतं बटण दाबलं होतं? यात दोषाचा सूर येऊ नये असं कक्षातल्या सगळ्यांना सांगितलं. बटणावरची मांडणी आम्ही बदलायला हवी होती, त्यांनी नाही.

२३ जून

आढावा. बदल लावलेल्या मशिनवरून "नेट जातं" ही तक्रार आता येत नाही, एक अपवाद सोडून. तो अपवाद आज पाहिला. बायोस बरोबर, Fn कुलूप नाही, आणि `netsh wlan show interfaces` मध्ये `Hardware On` आणि `Software On`, दोन्ही. म्हणजे रेडिओ चालू आहे, तरीही कनेक्शन तुटलेलं. ही आपली केस नाही. खात्रीसाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून हे चालवलं:

```
netsh wlan show wlanreport
```

ही आज्ञा गेल्या तीन दिवसांचा वाय-फायचा अहवाल `C:\ProgramData\Microsoft\Windows\WlanReport` मध्ये बनवते. त्यात तुटण्याची वेळ दरवेळी लॅपटॉप झोपेतून उठल्यानंतरची होती. ॲक्सेस पॉइंटच्या लॉगमध्येही इथे कारण-क्रमांक ४ आहे, ३ नाही. हे मशीन रेडिओच्या यादीतून काढून ऊर्जाबचतीच्या वेगळ्या नोंदीत घातलं. दोन्ही एकत्र ठेवली तर उद्या कुणी म्हणेल की बटणाचा उपाय लागू पडला नाही.

२४ जून

उरलेली कामं. नव्या खेपेच्या बायोसला पासवर्ड आहे आणि तो पुरवठादाराकडून यायचा आहे, तोपर्यंत त्या मशिनवर Fn कुलूप हाताने लावून देतो आहोत. तपासणीच्या टीमच्या लिनक्स मशिनवर `rfkill list` चं उत्तर रोज सकाळी जतन होईल अशी छोटी सोय करायची आहे, म्हणजे प्लॅटफॉर्मची ओळ बंद झालेली दिसली की आपल्याला तक्रारीआधी कळेल. आणि मॅडमकडे पुन्हा एकदा जाऊन बसायचं आहे. त्या आता F2 दाबून सेल उघडतात, पण शीट सेव्ह करताना अजूनही हात थांबतो असं म्हणाल्या. सामायिक फोल्डरचा वेग त्यांच्या मशिनवर इतरांपेक्षा कमी आहे का, ते मोजून पाहतो.